‘कशी आहे?’ असं विचारू नका

घरातल्या कुणी कथा लिहिली, की ती पहिल्यांदा वाचायचा मान घरातल्याच कुणाकडे तरी जातो. कधी नवरा, कधी मोठी बहीण, कधी ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. कागद हातात देताना लेखिका थोडी लाजते आणि म्हणते, ‘‘जरा वाचून सांग ना, कशी आहे?’’ दोन दिवसांनी कागद परत येतात. सोबत उत्तर असतं, ‘‘छान आहे गं! आवडली मला.’’ लेखिकेला बरं वाटतं. मात्र रात्री ती पुन्हा कागद घेऊन बसते तेव्हा तिच्या लक्षात येतं, की आपल्याला काहीच कळलेलं नाही. काय छान आहे? सुरुवात लांबली आहे की नाही? शेवट पोचला की नाही? जे प्रश्न कागद देण्यापूर्वी मनात होते, ते सगळे अजून तिथंच आहेत.

यात वाचणारीचा काही दोष नाही. ‘कशी आहे?’ या प्रश्नानं आपण तिच्यावर एकदम तीन कामं टाकलेली असतात. तिनं कथा वाचायची, तिला गुण द्यायचे आणि ते गुण सांगताना आपलं मन दुखवायचं नाही. यातलं तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण कथा आज आहे, उद्या नाही. नातं मात्र कायमचं आहे. म्हणून ती कथेला उत्तर देत नाही, आपल्याला देते. ‘छान आहे’ या दोन शब्दांचा खरा अर्थ ‘तू मला हवी आहेस’ एवढाच असतो. तो गोड आहे, पण त्यावरून तिसऱ्या पानावरचा परिच्छेद ठेवायचा की काढायचा हे ठरत नाही.

उत्तर नेमकं हवं असेल तर प्रश्न नेमका हवा. हे ऐकायला सोपं आहे, पण नेमका प्रश्न म्हणजे काय आणि तो केव्हा, कसा विचारायचा, हे थोडं शिकावं लागतं. त्यासाठी आधी एक घडलेली गोष्ट पाहू.

एका कवीचे तीन प्रश्न

टी. एस. एलियट हा इंग्रजीतला विसाव्या शतकातला फार मोठा कवी. १९२१ साली तो लंडनमध्ये लॉइड्स बँकेत नोकरी करत होता. त्या वर्षी मानसिक थकव्यामुळं त्यानं बँकेतून तीन महिन्यांची रजा घेतली आणि आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मार्गेट गावी व मग स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं राहून एका दीर्घ कवितेवर काम केलं. हीच पुढं गाजलेली ‘द वेस्ट लँड’. तिचा कच्चा खर्डा त्यानं पॅरिसमध्ये आपला कवी मित्र एझ्रा पाउंड याच्या हाती दिला.

पाउंडनं त्या खर्ड्यावर निर्दयपणे पेन्सिल चालवली. पानंच्या पानं काढून टाकायला सांगितली. कवितेच्या चौथ्या भागात समुद्रसफरीचं लांबलचक वर्णन होतं, ते जवळजवळ सगळं गेलं आणि शेवटी राहिल्या त्या फ्लेबस नावाच्या, बुडून मेलेल्या फिनिशियन खलाशावरच्या केवळ दहा ओळी. एवढं सगळं कापल्यावर कुठल्याही लेखकाचं होईल तेच एलियटचं झालं. उरलेल्याबद्दलही त्याला शंका येऊ लागली.

आता १९२२ च्या जानेवारीत त्यानं पाउंडला काय विचारलं ते पाहण्यासारखं आहे. ‘आता कविता कशी झाली आहे?’ असं त्यानं विचारलं नाही. त्याचे मुख्य प्रश्न तीन होते. ‘गेराँशन’ ही आपली आधी प्रसिद्ध झालेली कविता या कवितेच्या सुरुवातीला प्रस्तावनेसारखी छापावी का? शेवटी जोडलेल्या किरकोळ कविता काढून टाकाव्यात ना? आणि बाकीचं सगळं गेलंच आहे, तर फ्लेबसही काढलेला बरा का?

पाउंडनं तिन्हींची उत्तरं दिली. ‘गेराँशन’ घालू नकोस, ती नसल्यामुळं काहीही अडत नाही. किरकोळ कविता काढ. फ्लेबस मात्र काढू नकोस, आणि याचं कारणही त्यानं दिलं. कवितेच्या पहिल्या भागात भविष्य सांगणारी एक बाई पत्ते मांडते आणि त्यांत बुडालेल्या खलाशाचा पत्ता निघतो. वाचक तो खलाशी मनात घेऊन पुढं जातो. चौथ्या भागात तो भेटलाच नाही, तर तो पत्ता काढलाच कशाला? म्हणून फ्लेबस जिथं आहे तिथं हवाच, असं पाउंडचं म्हणणं. एलियटनं ते ऐकलं. कविता १९२२ च्या ऑक्टोबरात ‘क्रायटेरियन’ या नियतकालिकात छापली गेली, तेव्हा त्या दहा ओळी तिच्यात होत्या. आजही आहेत.

या प्रश्नांमधली दोन वैशिष्ट्यं ध्यानात ठेवा. पहिलं म्हणजे प्रत्येक प्रश्न कवितेतल्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवतो. उत्तर देणाऱ्याला गोल गोल बोलायला जागाच राहत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रश्नामागं एक निर्णय अडलेला आहे. उत्तर आलं की हात हलणार, काही तरी कापलं जाणार किंवा राहणार. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं खर्ड्यात काहीच बदलणार नाही, तो प्रश्न विचारून उपयोग नाही.

हा मूळ खर्डा पुष्कळ वर्षं हरवला आहे असंच मानलं जात होतं. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचं जाहीर झालं आणि १९७१ मध्ये एलियटच्या पत्नीनं, व्हॅलेरीनं, तो जसाच्या तसा छापून प्रसिद्ध केला. म्हणून पाउंडच्या रेघोट्या आज कुणालाही पाहता येतात. त्यांत आणखी एक हस्ताक्षर आहे. ते एलियटच्या पहिल्या पत्नीचं, व्हिव्हियनचं. लंडनच्या दारूच्या गुत्त्यात सामान्य घरातल्या बायका बोलतात, असा एक प्रसंग कवितेत आहे. तिथलं एक वाक्य व्हिव्हियननं सुचवलं आणि ते छापील कवितेत आलं. रचनेबद्दलचं मत पाउंडचं आणि बोलण्याच्या ढंगाबद्दलचं व्हिव्हियनचं. कुणाला काय विचारावं याचंही हे एक उदाहरण. याकडे आपण पुन्हा येऊ.

आता आपल्या घरची कथा

एलियटला पाउंड मिळाला, आपल्याला कोण मिळणार, असं तुम्ही म्हणाल. पण वाचणारी व्यक्ती लेखक असलीच पाहिजे असं नाही. उलट, ज्या वाचकांसाठी कथा लिहिली आहे त्यांच्यातलीच कुणी असेल तर जास्त चांगलं. फक्त तिच्याकडून न्यायनिवाडा मागायचा नाही. वाचताना तिचं काय झालं, एवढाच अहवाल मागायचा. न्यायाधीश होताना माणूस बिचकतो. स्वतःला काय वाटलं ते सांगताना बिचकत नाही.

उदाहरणासाठी आपण एक कथा मनात धरू. एका गृहिणीनं दिवाळी अंकासाठी ती लिहिली आहे. फुलस्केप कागदाची नऊ पानं. कथेतले आप्पा हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते कऱ्हाडच्या जुन्या घरात एकटेच राहतात. मुलगा पुण्याहून सारखं सांगतो, ‘इकडे या’. आप्पा नाही म्हणतात. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा रोज सकाळी येतो, आप्पांचा तिकिटं पंच करायचा जुना चिमटा घेऊन ओसरीवर बस-बस खेळतो. शेवटच्या पानावर आप्पा निमूटपणे पिशवी भरतात आणि पुण्याची गाडी पकडतात.

लेखिकेच्या मनातला शेवट असा आहे. शेजारचं बिऱ्हाड गाव सोडून जातं. तो मुलगा चिमटा परत करून जातो. आता आप्पांना त्या घरात बांधून ठेवणारं काही राहिलेलं नाही, म्हणून ते निघतात. मुलाच्या आग्रहामुळं नव्हे. हे वाचकाला समजलं तर कथा जमली. नाही समजलं तर ती ‘म्हाताऱ्यानं शेवटी ऐकलं’ एवढीच उरते.

लेखिकेनं वाचायला निवडली ती मोठी नणंद. शाळेत शिक्षिका, दिवाळी अंक आवडीनं वाचणारी. आता तिला काय विचारायचं?

आधी काय द्यायचं, मागून काय द्यायचं

सर्वांत आधी लेखिकेनं स्वतःच्या शंका एका वेगळ्या कागदावर लिहून काढाव्यात. आपल्या कथेबद्दल तिच्या तीन शंका आहेत. पहिल्या दोन पानांत घराचं वर्णन फार झालं आहे का? आप्पा का गेले ते पोचतं का? आणि कंडक्टरच्या नोकरीतले तपशील खरे वाटतात का? शंका लिहिता आल्या नाहीत, ‘काही तरी खटकतंय’ एवढंच वाटत असेल, तर खर्डा अजून दुसऱ्याला द्यायची वेळ झालेली नाही. आठवडाभर तो कपाटात ठेवावा आणि पुन्हा वाचावा. जे आपल्यालाच सापडू शकतं त्यासाठी दुसऱ्याचं पहिलं वाचन खर्ची घालू नये. कारण पहिलं वाचन एकदाच होतं. शेवट माहीत झालेली व्यक्ती दुसऱ्यांदा वाचताना कोरी राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की या शंका वाचण्याआधी नणंदेला सांगायच्या नाहीत. ‘ताई, पहिली दोन पानं लांबली आहेत का बघा हं’, असं सांगून कागद दिले, तर ती पहिली दोन पानं लांबली आहेत का हेच बघत वाचणार. सांगितलं की दिसतंच. मग तिला खरोखर कंटाळा आला की आपण सांगितल्यामुळं आला, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून वाचण्याआधी फक्त तीन खुणा सांगायच्या. लक्ष उडालं, डोळे पुढच्या ओळींवर धावले, तर समासात उभी रेघ. काही कळलं नाही, मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तर प्रश्नचिन्ह. ‘असं कुठं होतं का?’ असं वाटलं तर फुली. कारण लिहायचं नाही, सुधारायचं नाही, थांबायचंही नाही. पेन्सिल हातात धरून वाचत जायचं. या तीन खुणांत वाचकाच्या बहुतेक अडचणी येतात: कंटाळा, गोंधळ आणि अविश्वास. शिवाय खूण वाचता वाचता केलेली असते. वाचून झाल्यावर माणूस आठवून सांगतो तेव्हा शेवटच्या पानाचा रंग सगळ्या कथेला लागलेला असतो. शेवट आवडला तर मधला कंटाळा तो विसरून जातो.

प्रश्नांचा कागद वेगळ्या पाकिटात बंद करून द्यावा आणि वाचून झाल्यावरच उघडायला सांगावा. आपल्या लेखिकेचे प्रश्न असे:

१. कागदांकडे न बघता, या कथेत काय घडलं ते चार वाक्यांत सांगा.

२. पुढं काय होणार, अशी उत्सुकता पहिल्यांदा कुठल्या प्रसंगाला वाटली?

३. आप्पांनी पिशवी का भरली, असं तुम्हाला वाटलं?

४. संपादकांनी एक पान कमी करायला सांगितलं, तर कुठलं काढाल?

५. मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, असं काही आहे का?

तिसऱ्या प्रश्नाची शब्दरचना पाहा. ‘आप्पा मुलगा गेल्यामुळं निघाले, हे कळलं ना?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘हो’च आलं असतं. त्या प्रश्नात उत्तर घालूनच दिलेलं आहे. ज्या प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ येतो, तो प्रश्न नव्हे, ती विनवणी. एलियटच्या ‘काढून टाकाव्यात ना?’ मध्ये ते चाललं, कारण पाउंड तोंडावर ‘नाही’ म्हणणारा होता. आपली नणंद तशी असेलच असं नाही.

चौथा प्रश्न तर फारच कामाचा आहे. ‘कुठलं पान आवडलं नाही?’ असं विचारलं की सभ्य माणूस ‘सगळीच चांगली आहेत’ म्हणतो. पण एक पान काढायचंच आहे असं धरलं, म्हणजे दोष देण्याची जबाबदारी तिच्यावर राहत नाही. ती संपादकांवर जाते. मग ती मोकळेपणी बोट ठेवते.

उत्तरं आली, आता?

ताईंनी आठ दिवसांनी कागद परत केले. खुणा पाहिल्या तर दुसऱ्या पानावर लागोपाठ दोन उभ्या रेघा. पाचव्या पानावर एक फुली. प्रश्नचिन्ह कुठंच नाही. उत्सुकता वाटली ती तिसऱ्या पानावर, मुलगा चिमटा मागतो तिथं. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर: दुसरं पान काढता येईल.

इथं दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं आहे. वाचताना उभ्या रेघा पडल्या त्या दुसऱ्या पानावर आणि वाचून झाल्यावर काढायला निवडलं तेही दुसरंच पान. शिवाय लेखिकेची स्वतःची शंकाही तीच होती. असं तिन्ही बाजूंनी जुळलं की जास्त विचार करू नये. घराचं वर्णन पाच-सहा ओळींवर आणावं आणि मुलगा लवकर ओसरीवर आणावा.

खरा मासला पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. ताईंनी गोष्ट अशी सांगितली: ‘आप्पा एकटे राहत होते. मुलगा बोलवत होता. फोनवर दोघांचं भांडण झालं. शेवटी आप्पांनी ऐकलं.’ शेजारच्या मुलाचा पत्ताच नाही! आणि पिशवी का भरली? ‘मुलगा इतका चिडला म्हणून.’ प्रश्नचिन्ह कुठंच नव्हतं याचा अर्थ आता लागतो. ताईंना गोंधळ वाटलाच नाही. त्यांनी कथा नीट समजून घेतली होती, फक्त ती लेखिकेची कथा नव्हती. ‘कळली का?’ असं विचारलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटलं असतं आणि ही गोष्ट कधीच उघड झाली नसती. म्हणून कथा परत सांगायला लावायची.

ताईंनी जाता जाता एक उपायही सुचवला, ‘‘वहिनी, सुनेचाही एक फोन घाल. म्हणजे आप्पांचं मन वळणं जास्त पटेल.’’

इथं लेखिकेनं सांभाळायचं असतं. वाचक कुठं दुखतं ते सांगतो, ते बहुधा बरोबर असतं. औषध मात्र तो त्याला दिसलेल्या कथेसाठी देतो. सुनेचा फोन घातला तर ‘मुलाच्या आग्रहामुळं गेले’ हा गैरसमज आणखी घट्ट होईल. औषध बाजूला ठेवायचं, पण दुखणं खरं मानायचं, आणि स्वतः कारण शोधायचं.

लेखिकेनं पानं समोर मांडली. शेजारच्यांचं बिऱ्हाड हललं हे सहाव्या पानावर होतं, पण एका लांब परिच्छेदाच्या मधोमध, एका वाक्यात. सातव्या पानावर फोनवरचं भांडण, ते चांगलं पाऊण पान. आठव्यावर आप्पा पिशवी काढतात. वाचक काय करतो? जवळजवळ असलेल्या दोन घटना तो एकमेकींना जोडतो. भांडण झालं आणि लगेच पिशवी निघाली, म्हणजे भांडणामुळं निघाली. लेखिकेच्या मनात कारण मोठं होतं, कागदावर मात्र त्याला एकच वाक्य मिळालं होतं आणि तेही लांब.

दुरुस्ती मग आपोआप दिसते. भांडण उचलून चौथ्या पानावर न्यायचं. त्यानंतर आप्पा दोन दिवस तसेच हट्टानं राहतात हे दाखवायचं, म्हणजे भांडणानं ते हलले नाहीत हे वाचकाला समजेल. बिऱ्हाड हलण्याच्या एका वाक्याचा अर्ध्या पानाचा प्रसंग करायचा: टेम्पो उभा आहे, मुलगा चिमटा आप्पांच्या हातात ठेवतो. आणि त्याच्या पाठोपाठ पिशवी. नवीन काहीही घातलं नाही, कुणी काही समजावून सांगितलं नाही. फक्त जागा बदलल्या आणि एका वाक्याला त्याचा वाटा मिळाला.

राहिली पाचव्या पानावरची फुली. आप्पा ड्यूटीवर असताना रोज दुपारी घरी जेवायला येत, असं लेखिकेनं लिहिलं होतं. ताईंना ते पटलं नाही. पण खरं काय, हे ताईंनाही ठाऊक नाही आणि लेखिकेलाही नाही. तेव्हा या फुलीचं उत्तर ताईंशी चर्चा करून मिळणार नाही. ओळखीच्या एखाद्या निवृत्त कंडक्टरला तेवढं एक पान दाखवावं आणि विचारावं, ‘तुमच्या ड्यूटीत दुपारचं जेवण कुठं होत असे?’ त्यांना कथा वाचायला लावायची गरज नाही. व्हिव्हियननं गुत्त्यातल्या बोलण्याला हात लावला, तसंच हे. ज्याचा कान किंवा ज्याचा अनुभव, त्याला तेवढाच प्रश्न.

दुरुस्त कथा कुणाला दाखवायची?

ताईंना नाही. निदान तिसरा प्रश्न तरी त्यांना नाही. आप्पा का गेले यावर आता घरात एवढं बोलणं झालं आहे, की त्यांना ते कळणारच. त्यासाठी कोरी व्यक्ती हवी. लेखिकेनं शेजारणीला कागद दिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘आप्पांनी पिशवी का भरली?’ समजा शेजारीण म्हणाली, ‘‘आता तिथं होतं कोण त्यांचं?’’ तर झालं. तिनं त्या मुलाचं नावही घेतलं नाही तरी चालेल. समजा तिनंही मुलाच्या रागाकडे बोट दाखवलं, तर प्रसंग अजून पोचलेला नाही. तेव्हा एक एक वाचक जपून वापरावा. तीन वाचक असतील तर तिघांनाही पहिल्याच खर्ड्याला बसवू नये. दोघांना पुढच्या खर्ड्यांसाठी राखून ठेवावं.

उत्तरं ऐकतानाचाही एक नियम आहे. बोलायचं नाही, लिहून घ्यायचं. ‘‘अहो ताई, सहाव्या पानावर लिहिलंय की मी!’’ असं तोंडावर आलं तरी गिळायचं. लिहिलेलं आहे हे खरंच, पण ते पोचलं नाही हेही खरं आहे, आणि आपल्याला शोधायचं आहे ते हेच. दिवाळी अंक विकत घेणाऱ्याच्या शेजारी बसून आपण सहावं पान दाखवणार नाही. शिवाय एकदा वाद घातला की पुढच्या वेळी ताई ‘छान आहे’ म्हणून मोकळ्या होतील.

एखाद्याचं उत्तर अगदीच वेगळं आलं तर? तर ती व्यक्ती या जातीच्या कथा एरवी वाचते का, ते पाहावं. रहस्यकथाच वाचणाऱ्या भावाला आप्पांच्या कथेत ‘काही घडतच नाही’ असं वाटणं साहजिक आहे. त्याच्या उभ्या रेघांचा अर्थ वेगळा. मात्र त्याची प्रश्नचिन्हं तितकीच मोलाची, कारण गोंधळ आवडीनिवडीवर फारसा अवलंबून नसतो.

नेमक्या प्रश्नाचा धोका

या सगळ्यात एक उणीव राहते, तीही सांगायला हवी. नेमका प्रश्न म्हणजे बॅटरीचा झोत. जिथं टाकू तिथलं लख्ख दिसतं, पण बाजूचा अंधार वाढतो. आपल्याला जी शंकाच आली नाही तिच्यावर आपण प्रश्न काढणार नाही. आपल्या लेखिकेला आप्पांची दिवंगत पत्नी कथेत नावालाही नाही, याची जाणीवच नव्हती. पाचव्या प्रश्नाला ताईंनी लिहिलं होतं, ‘आप्पांची बायको कधी गेली? घर तिचं होतं का?’ यादीत एक दार उघडं ठेवायचं ते एवढ्यासाठी. त्याचं उत्तर कथेत घालायचं की नाही हे लेखिका ठरवील. एक ओळ पुरेल, किंवा मुळीच नको असेल. पण निर्णय आता ती जाणूनबुजून घेईल.

आणि प्रश्न पाचांच्या वर नेऊ नयेत. दहा प्रश्नांचा कागद दिला की ताईंना शाळेतले पेपर तपासल्यासारखं वाटणार, आणि शेवटच्या चार प्रश्नांना ‘ठीक’, ‘ठीक’ अशी उत्तरं येणार.

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं. तेव्हा अंकाची मुदत पाहून निदान महिनाभर आधी पहिला खर्डा हातावेगळा करा. वाचणारीला आठ दिवस, दुरुस्तीला दहा, दुसऱ्या वाचणारीला पुन्हा थोडे दिवस, असा हिशोब बसतो. पेन्सिल, तीन खुणा आणि बंद पाकीट, एवढंच सामान लागतं.